चुण्या तशाच, रंग वेगळा

छायाचित्रातील कपड्याचा रंग बदलणे म्हणजे त्यावर दुसरा रंग फासणे नव्हे. पिवळ्या कुर्त्याच्या फोटोवर कॉम्प्युटरच्या ब्रशने सरळ निळा रंग भरला, तर कुर्ता निळा होतो खरा. पण त्याच्या चुण्या जातात, बाहीखालची सावली जाते, विणीचे धागे दिसेनासे होतात. उरतो तो कुर्त्याच्या आकाराचा निळा कागद. याचे कारण असे, की फोटोत कापडाचा रंग, चुणीची सावली आणि विणीचा पोत या तीन वेगळ्या गोष्टी म्हणून साठवलेल्या नसतात. प्रत्येक बिंदूत त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. रंग तेवढा बदलायचा, तर आधी हे मिश्रण सोडवावे लागते.

एका बिंदूत काय दडलेले असते

डिजिटल फोटो हा लक्षावधी बिंदूंचा, म्हणजे पिक्सेलचा बनलेला असतो. प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी लिहिला जातो आणि नेहमीच्या फोटोत हा प्रत्येक आकडा 0 ते 255 च्या दरम्यान असतो. तिन्ही 0 असतील तर काळा, तिन्ही 255 असतील तर पांढरा.

खिडकीतून येणाऱ्या उजेडात काढलेला, हळदी पिवळ्या सुती कुर्त्याचा फोटो उदाहरणादाखल घेऊ. छातीवर उजेड थेट पडतो, तिथल्या पिक्सेलचे आकडे समजा 230, 190, 60 आहेत. शेजारच्या चुणीत उजेड कमी पोहोचतो, तिथे 138, 114, 36 आढळतात. त्याहून खोल चुणीत 69, 57, 18. तिन्ही ठिकाणचे आकडे वेगळे असले, तरी त्यांच्यात एक नाते आहे. दुसऱ्या जागेचा प्रत्येक आकडा पहिल्याच्या 0.6 पट आहे आणि तिसऱ्या जागेचा 0.3 पट. कापड तिन्ही ठिकाणी एकच आहे. बदलला तो फक्त पोहोचणारा उजेड.

हेच या विषयाचे मूळ सूत्र आहे. पिक्सेल म्हणजे कापडाचा रंग गुणिले तिथवर पोहोचलेला उजेड. चुण्या, निऱ्या, सावल्या या सगळ्या त्या दुसऱ्या गुणकात असतात. विणीचा पोतही बहुतांशी तिथेच असतो, कारण धाग्याचा उंचवटा उजळ दिसतो आणि दोन धाग्यांमधली फट काळसर दिसते. तेव्हा रंग नीट बदलायचा, तर पहिला गुणक काढून तिथे नवा ठेवायचा आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही. कोणतेही सॉफ्टवेअर वापरले, तरी चांगल्या कामात हाच गुणाकार घडत असतो, आणि काम बिघडते तेव्हा बहुधा गुणाकाराच्या जागी दुसरेच काही घडलेले असते.

सोप्या वाटा आणि त्यांची चूक

हा पिवळा कुर्ता नेव्ही ब्लू करायचा आहे असे धरू. नेव्ही ब्लू कापडाचा तुकडा त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात धरून फोटो काढला असता त्याचे आकडे 30, 45, 110 आले. म्हणजे कुर्त्याच्या उजेडातल्या भागावर शेवटी हे आकडे दिसायला हवेत.

पहिली सोपी वाट फोटोशॉपमधल्या `Hue/Saturation` या पट्टीची. त्यातली वरची पट्टी सरकवली की रंगचक्रावर पिवळ्याचे स्थान फिरत फिरत निळ्यापाशी जाते. पण ही पट्टी फक्त रंगाची जात बदलते. तो किती गडद आणि किती भडक हे जुन्याच रंगावरून ठरत राहते. 230, 190, 60 हा भडक पिवळा निळ्याकडे फिरवला, की साधारण 60, 92, 230 मिळतो. हा झगझगीत निळा झाला, नेव्ही ब्लू नव्हे.

दुसरी वाट अशी, की कुर्त्यावर नेव्ही ब्लूचा एक थर ठेवायचा आणि त्याच्या मिश्रणाची पद्धत `Color` निवडायची. ही पद्धत वरच्या थरातून रंग घेते आणि खालच्या फोटोची उजळता जशीच्या तशी राखते. उजळता म्हणजे डोळ्याला तो पिक्सेल किती प्रकाशमान वाटतो ते. डोळा हिरव्याला सर्वांत जास्त आणि निळ्याला सर्वांत कमी प्रतिसाद देतो. म्हणून ती मोजताना लाल आकड्याचे 30 टक्के, हिरव्याचे 59 टक्के आणि निळ्याचे 11 टक्के धरून बेरीज करतात. या हिशेबाने पिवळ्या कुर्त्याची उजळता 188 येते आणि नेव्ही ब्लू कापडाची जेमतेम 48. `Color` पद्धत 188 हीच उजळता कायम ठेवते, त्यामुळे हाती येतो 170, 185, 250 हा फिकट, जांभळट आकाशी रंग. चुण्या शाबूत असतात, पण कुर्ता धुऊन विटल्यासारखा दिसतो.

आपल्या रंगाजवळच्या उजळतेचा रंग हवा असेल, म्हणजे हिरव्याचा मोरपिशी किंवा गुलाबीचा अबोली, तर याच दोन वाटा पुरेशा ठरतात. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग देतानाही हेच तत्त्व उपयोगी पडते. 1960 सालचा ‘मुघल-ए-आझम’ 2004 मध्ये पूर्ण रंगीत होऊन पुन्हा प्रदर्शित झाला. अशा कामात मूळ चित्रफितीतील उजळ-काळसरपणा पायाला राहतो आणि रंग त्यावर चढतो. अडचण सुरू होते ती हलक्या रंगावरून गडद रंगावर किंवा गडदावरून हलक्यावर जाताना.

इथे तिसरी चूक होते, आणि ती सर्वांत नुकसानकारक असते. रंग फिकट वाटतो म्हणून उजळता कमी करण्यासाठी सगळीकडून सारखाच आकडा वजा केला जातो. 188 वरून 48 वर यायचे, तर 140 वजा करावे लागतील. पण चुणीची उजळता मुळातच 113 होती आणि खोल चुणीची 56. त्यातून 140 वजा केले की दोन्ही शून्याखाली जातात, म्हणजे दोन्ही ठार काळ्या होतात. त्यांच्यातला फरक संपतो आणि चुणी कुठे सुरू होते, कुठे खोल जाते ते कळेनासे होते. गुणाकाराने हेच काम केले तर 188 चे 48 होतात, 113 चे 29 आणि 56 चे 14. तिन्ही जागांमधले 1, 0.6 आणि 0.3 हे प्रमाण टिकते. गडद कापडावर चुण्यांमधला फरक आकड्यांनी लहान असतो, पण प्रमाणाने तेवढाच असतो, आणि डोळा हे प्रमाणच ओळखतो.

कुर्ता नेव्ही ब्लू करण्याची रीत

प्रत्यक्ष काम चार टप्प्यांत होते. पहिला टप्पा निवडीचा. कुर्त्याचा भाग फोटोपासून वेगळा निवडायचा आणि त्याचा मास्क करायचा. मास्क म्हणजे कामाची हद्द ठरवणारे कृष्णधवल चित्र. त्यात जिथे पांढरे तिथे बदल लागू होतो, जिथे काळे तिथे होत नाही. गुंड्या, गळ्यातली साखळी, कुर्त्यावर आलेले केस हे सगळे काळ्या भागात ठेवावे लागते.

दुसऱ्या टप्प्यात जुना रंग काढून टाकायचा. कुर्त्याच्या भागाचे कृष्णधवल रूप करायचे, म्हणजे पिवळेपणा जाऊन फक्त उजेडाचा नकाशा उरतो. हे करताना लाल, हिरवा आणि निळा यांपैकी कोणत्या आकड्यावर भर द्यायचा हे ठरवता येते आणि त्यावर पुढच्या कामाची स्वच्छता अवलंबून असते. पिवळ्या कापडात लाल आकडा सर्वांत मोठा, 230, आणि निळा सर्वांत लहान, 60. कॅमेऱ्याचे बारीक दाणे लहान आकड्यात जास्त उठून दिसतात, म्हणून पिवळ्या कापडासाठी लालवर भर द्यावा. निळ्या कापडाचे काम असते, तर उलट करावे लागले असते.

तिसऱ्या टप्प्यात या कृष्णधवल नकाशाचे प्रमाण बसवायचे. उजेडातली छाती आता करडी दिसते. `Levels` किंवा `Curves` वापरून तिला पांढऱ्यापर्यंत, म्हणजे 255 पर्यंत चढवायचे. उजळता 188 धरली, तर सगळे आकडे 1.36 पट होतात. छाती 255, चुणी 153 आणि खोल चुणी 76. आता हा पांढऱ्या कापडाचा कुर्ता झाला. प्रमाण पुन्हा तेच आहे, 1, 0.6 आणि 0.3.

चौथ्या टप्प्यात त्यावर 30, 45, 110 या रंगाचा सपाट थर ठेवून मिश्रणाची पद्धत `Multiply` करायची. नावाप्रमाणेच ही पद्धत दोन थरांचे आकडे गुणते आणि 255 ने भागते. छातीवर 30, 45, 110 येतात, चुणीत 18, 27, 66 आणि खोल चुणीत साधारण 9, 13, 33. खऱ्या नेव्ही ब्लू कुर्त्याचा फोटो त्याच खिडकीपाशी काढला असता, तर आकडे याच्या आसपासच आले असते. जिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्येही हेच टप्पे चालतात. मास्क, `Levels` आणि `Multiply` तिथेही त्याच नावांनी मिळतात.

या रीतीचा आणखी एक फायदा आहे. पहिले तीन टप्पे एकदाच करावे लागतात. त्यानंतर सपाट थराचा रंग बदलला, की त्याच फोटोतून मरून, बाटली हिरवा, राखाडी असे हवे तितके कुर्ते निघतात. कपड्यांच्या विक्रीची चित्रे तयार करणारे एका कपड्याचे अनेक रंग दाखवतात, ते बहुधा याच पद्धतीने.

तरीही डोळ्याला किंचित खटकणारी एक गोष्ट राहते. हलक्या रंगाच्या कापडात चुणीच्या एका बाजूवरून परतलेला उजेड दुसऱ्या बाजूवर पडतो आणि चुणी आतून थोडी उजळते. गडद कापड बहुतेक उजेड शोषून घेते, त्यामुळे त्याच्या चुण्यांत ही भर पडत नाही. पिवळ्यापासून बनवलेला नेव्ही ब्लू कुर्ता म्हणून जरा मऊ, भुरकट वाटतो. `Curves` मध्ये चुणीचा भाग थोडासा खाली ओढला, की हा दोष जातो. किती ओढायचे याचा ठरलेला आकडा नाही. जवळ खऱ्या गडद कपड्याचा फोटो ठेवून त्याच्याशी ताडून पाहावे लागते.

रेशमाची चकाकी

सुती कापडावर हे गणित जवळजवळ पूर्ण लागू पडते, पण रेशमावर ते अपुरे ठरते. रेशमावरून उजेड दोन वाटांनी परत येतो. काही उजेड तंतूच्या आत शिरतो, तिथल्या रंगाशी गाठ पडून रंगीत होऊन बाहेर येतो. काही मात्र तंतूच्या गुळगुळीत पृष्ठभागावरूनच परततो. त्याची रंगाशी गाठच पडत नाही, म्हणून तो खिडकीच्या उजेडासारखा पांढराच राहतो. लाल रेशमावरची चकाकी पांढरट दिसते आणि निळ्या रेशमावरचीही पांढरटच दिसते, ती यामुळे. अमेरिकी संशोधक स्टीव्हन शेफर यांनी 1985 मध्ये या दोन वाटांची गणिती मांडणी केली आणि संगणकाकडून चित्रांचे विश्लेषण करून घेताना तिचा आजही आधार घेतला जातो.

म्हणजे रेशमाच्या पिक्सेलमध्ये गुणाकाराबरोबर एक बेरीजही असते. कापडाचा रंग गुणिले उजेड, अधिक चकाकी. सगळ्यालाच `Multiply` लावले, तर चकाकीवरही नवा रंग चढतो. नेव्ही ब्लू रेशमावर जिथे पांढरट झळाळी हवी, तिथे नुसता निळा रंग येतो आणि रेशीम सुती दिसू लागते. कपड्याचा रंग बदलला पण कापडच बदलल्यासारखे वाटते, अशी तक्रार होते तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असते.

उपाय असा, की चकाकी आधी वेगळी काढायची, उरलेल्या भागाचा रंग बदलायचा आणि मग चकाकी वरून परत ठेवायची. पिवळ्या रेशमाच्या बाबतीत ती वेगळी काढण्याची सोपी खूण आहे. पिवळ्या कापडाचा स्वतःचा निळा आकडा 60 च्या आसपासच थांबतो. कुठे तो एकदम 150 किंवा 200 झालेला दिसला, तर ती भर कापडाची नसून पांढऱ्या चकाकीची असते. उजेडाचा नकाशा काढताना जो निळा आकडा दाणेदार म्हणून बाजूला ठेवला होता, तोच इथे कामाला येतो. फक्त निळ्या आकड्याचे कृष्णधवल चित्र घेऊन 60 पर्यंतचे सगळे काळे केले, की मागे चकाकीचे तेवढे पट्टे उरतात. हा थर नव्या रंगावर `Screen` या पद्धतीने ठेवायचा. ही पद्धत काळ्या भागाला काही करत नाही, पांढऱ्या भागात उजेडाची भर घालते.

गडद रेशमावर ही चकाकी मूळ पिवळ्यापेक्षा जास्त उठून दिसेल. ते बरोबरच आहे. खऱ्या गडद रेशमावरही ती तशीच दिसते, कारण आजूबाजूचा रंग काळोखा असतो. चकाकी जास्त वाटते म्हणून ती दाबली, तर कापड पुन्हा सुतीकडे झुकते.

जरीचे गणित याहून वेगळे आहे. जर धातूची असते आणि धातूवरून परतणारी चकाकी धातूच्याच रंगाची असते. सोनेरी जरीची झळाळी सोनेरीच राहायला हवी. म्हणून काठ, पदरावरचे नक्षीकाम आणि अंगावरची बुट्टी मास्कमध्ये काटेकोरपणे वगळावी लागतात. साडीचे अंग निळे किंवा हिरवे असेल, तर रंगाच्या फरकावरून सॉफ्टवेअर जर चटकन ओळखते. अंग पिवळे असेल तर ओळखत नाही. तेव्हा बुट्टी एकेक करून हाताने वगळण्यावाचून गत्यंतर नसते.

पांढरे आणि काळे कापड

पांढऱ्या कापडावर रंग चढवणे सर्वांत सोपे, कारण तिथे जुना रंग काढायचाच नसतो. सपाट थर `Multiply` केला की काम होते. `Color` पद्धत मात्र इथे निरुपयोगी आहे. ती उजळता राखते आणि 255 उजळतेचा रंग फक्त पांढराच असू शकतो, म्हणून लाल थर ठेवला तरी उजेडातला भाग पांढराच राहतो आणि सावल्या तेवढ्या लालसर होतात. पांढऱ्या कपड्याच्या फोटोत एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. फोटो काढतानाच उजेड जास्त झाला, तर मोठा भाग सरसकट 255 होतो. तिथली वीण कॅमेऱ्याने टिपलेलीच नसते, त्यामुळे रंग दिल्यावर तिथे सपाट ठिगळ दिसते.

काळे कापड या उलट टोकाला. उजेडातल्या भागाची उजळता 30 असेल, तर चुणी 18 आणि खोल चुणी 9 ठरते. सगळ्या चुण्या, सावल्या आणि वीण मिळून जेमतेम वीस-बावीस पायऱ्यांत बसवलेल्या असतात. हे कापड 188 उजळतेचे पिवळे करायचे, तर प्रत्येक आकडा सहापटीहून जास्त वाढवावा लागतो. मग लागोपाठच्या दोन पायऱ्यांमध्ये सहा आकड्यांची उडी पडते आणि सावली हळूहळू उतरण्याऐवजी पट्ट्यापट्ट्यांनी उतरते. कॅमेऱ्याचे दाणेही सहापट होतात. फोटो जेपेग प्रकारचा असेल, तर फाइल लहान करताना पडलेले 8 गुणिले 8 पिक्सेलचे चौकोनही दिसू लागतात. कॅमेऱ्यातून रॉ प्रकारची फाइल घेतली असेल तर स्थिती बरी असते, कारण तिच्यात 256 ऐवजी 4096 किंवा 16,384 पायऱ्या असतात.

त्यामुळे एकाच कपड्याचे अनेक रंग दाखवायचे असतील, तर फोटोसाठी हलक्या रंगाचा नग निवडावा. फिकट करडा किंवा मोतिया रंग उत्तम. हलक्यावरून गडद करताना माहिती फक्त दाबली जाते. गडदावरून हलके करताना नसलेली माहिती ताणावी लागते.

काठावरचे अवशेष

कुर्त्याच्या आतला भाग अचूक साधला, तरी काम उघडे पडते ते बहुधा काठावर. कपडा आणि पार्श्वभूमी यांच्या सीमेवरचे पिक्सेल अर्धे कपड्याचे आणि अर्धे मागच्या भिंतीचे असतात. मास्क अगदी धारदार ठेवला, तर या अर्ध्या पिक्सेलमध्ये पिवळा शिल्लक राहतो आणि निळ्या कुर्त्याभोवती पिवळी किनार दिसते. मास्क फार पसरट केला, तर निळा रंग भिंतीवर आणि हातावर सांडतो. मास्कची कड कुर्त्याच्या कडेइतकीच मऊ हवी. फोटो नेमका टिपलेला असेल, तर एक-दोन पिक्सेलचा मऊपणा पुरतो. जिथे कड कॅमेऱ्याच्या नजरेतून निसटून धूसर झाली आहे, तिथे मास्कही तितकाच धूसर करावा लागतो.

जेपेग फोटोत आणखी एक गुंता असतो. फाइल लहान व्हावी म्हणून त्यात उजळता पूर्ण बारकाव्याने, पण रंग बहुधा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्म्या बारकाव्याने साठवलेला असतो. त्यामुळे पिवळा रंग कुर्त्याची हद्द ओलांडून एक-दोन पिक्सेल बाहेर गेलेला असतो. रंगावरून केलेली निवड म्हणूनच कडेला चुकते. निवड रंगाने करावी, पण कड आकाराने, म्हणजे रेषा आखून, पक्की करावी.

कपड्याचा रंग कपड्यापुरता राहत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. पिवळ्या कुर्त्यावरून परतलेला उजेड हनुवटीखाली, दंडाच्या आतल्या बाजूला, चांदीच्या कड्यावर पडलेला असतो. कुर्ता नेव्ही ब्लू झाला आणि हनुवटीखाली पिवळी झाक तशीच राहिली, तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो. या जागांचा पिवळेपणा हलक्या हाताने कमी करावा. त्या निळ्या करू नयेत. गडद कापड फारसा उजेड परत पाठवत नाही, म्हणून खऱ्या नेव्ही ब्लू कुर्त्यानेही हनुवटी निळी झाली नसती.

काम तपासण्याच्या खुणा

तयार चित्र तपासताना ते आधी तात्पुरते कृष्णधवल करून मूळ फोटोच्या कृष्णधवल रूपाशेजारी ठेवावे. नवा कुर्ता एकूण जास्त काळसर असेल, पण मूळ फोटोत दिसणारी प्रत्येक चुणी नव्यातही सापडली पाहिजे. एखादी नाहीशी झाली असेल, तर कुठेतरी गुणाकाराऐवजी वजाबाकी झाली आहे. मग चित्र दुप्पट मोठे करून काठ पाहावा, गळा, बाही आणि केसांजवळ विशेष. शेवटी चित्र बोटभर लहान करून पाहावे. या आकारात बारकावे लपतात आणि कपडा उजेडात बसतो की चिकटवल्यासारखा वाटतो, एवढेच समजते.

नवा रंग खऱ्या कापडाशी जुळतो की नाही, हे मात्र पडद्यावर पाहून ठरत नाही. पडद्यागणिक रंग बदलतो आणि खिडकीतला उजेड दुपारी वेगळा, संध्याकाळी वेगळा असतो. नव्या रंगाचा तुकडा त्याच जागी, त्याच वेळी, त्याच कॅमेऱ्याने टिपून त्याचे आकडे घेणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

जिथे ही रीत थांबते

या सगळ्या गणिताने एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे कापडाचा रंग सगळीकडे एकच आहे. ज्या कापडात दोन रंगांचे धागे आहेत, तिथे हे गृहीतच मोडते. डेनिममध्ये उभे धागे निळीचे आणि आडवे पांढरे असतात. तिला `Multiply` ने लाल केले, की पांढरे धागेही लाल होतात आणि डेनिमचा फटफटीत ठिपकेदारपणा जातो. इथे पांढरट धागे उजळतेवरून वेगळे काढून त्यांना रंगापासून वाचवावे लागते. फोटो पुरेसा जवळून काढलेला असेल तर हे जमते.

धूपछाँव रंगाच्या पैठणीत तेही जमत नाही. तिचा ताणा एका रंगाच्या रेशमाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाच्या रेशमाचा असतो. कापडाकडे ज्या कोनातून पाहावे, त्याप्रमाणे कधी एक रंग वर येतो, कधी दुसरा. निरीच्या एका बाजूला जांभळा आणि दुसऱ्या बाजूला हिरवट दिसणारे तेच कापड पदरावर तिसरीच छटा दाखवते. फोटोत हे दोन रंग उजेडाशी आणि कापडाच्या वळणाशी गुंतलेले असतात. पूर्ण फोटोची रंगपट्टी फिरवली, तर दोन्ही रंग एकाच अंशाने फिरतात आणि जी जोडी तयार होते, ती कोणत्याही मागावर विणलेली नसते. `Multiply` ची रीत वापरली, तर जुने दोन्ही रंग पुसले जाऊन एकच उरतो आणि धूपछाँव संपते. एकरंगी सुती कापडाला गणिताने नवा रंग बेमालूम देता येतो, रेशमाला चकाकी सांभाळून देता येतो. धूपछाँव पैठणीचा दुसरा रंग दाखवायचा असेल, तर त्या रंगाची साडी कॅमेऱ्यासमोर ठेवून नवा फोटो काढणे हाच प्रामाणिक उपाय आहे.